भावंडाची सुपारी फुटली, आता पहिला फोन कुणाला?

लग्न होईपर्यंत हे काम आईचं होतं. नात्यात कुणाची सुपारी फुटली की आई फोन लावायची, पाच मिनिटं बोलायची आणि शेवटी "थांब, हिच्याशी बोल" म्हणत फोन माझ्या हातात द्यायची. मी "हॅलो, अभिनंदन" एवढं म्हणायचे, की फोन परत आईकडे. लग्न होऊन सोलापूरहून पुण्याला आले आणि पहिल्याच वर्षी मावसबहिणीचा साखरपुडा झाला. तेव्हा लक्षात आलं, की आता हा फोन मलाच लावायचा आहे आणि पहिल्या वाक्यानंतर काय बोलायचं ते मला ठाऊकच नाही.

जे सुचलं ते बोलले. मावशीला म्हटलं, "छान झालं गं. पण त्या आधीच्या लातूरच्या स्थळाचं काय झालं मग?" मावशी काही बोलली नाही. थोड्या वेळानं "ठेवते गं, पाव्हणे बसलेत" एवढंच म्हणाली. फोन स्पीकरवर होता आणि समोर होणारे व्याही चहा पीत बसले होते, हे मला दोन दिवसांनी आईकडून कळलं. मावशीनं नंतर कधी तो विषय काढला नाही, पण मी तेव्हापासून हा फोन नीट करायला शिकले. घर सोडून नुकतेच बाहेर पडलेले, किंवा लग्न होऊन नव्यानं सोलापूरच्या घरात आलेले, अशांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण घेते ते माझ्या मामेबहिणीचं. तिचं घर जुळे सोलापुरात, होणारं सासर अक्कलकोटचं, घरात कन्नड बोलणारं. तिचा साखरपुडा तुळशीचं लग्न आटोपल्यावर लगेचच्या एका रविवारी झाला.

बातमी कुठल्या वाटेनं आली ते आधी बघा

आपल्याकडे लग्न एका दिवसात ठरत नाही. आधी बघण्याचा कार्यक्रम, मग पसंती, मग बैठक, बैठकीत सुपारी फुटते आणि त्यानंतर साखरपुडा. काही घरांत सुपारी आणि साखरपुडा एकाच दिवशी उरकतात, काही ठिकाणी मध्ये महिना जातो. पसंती कळवली म्हणजे लग्न ठरलं असं नाही. बैठकीत मोडलेली स्थळं प्रत्येक घरात असतात. म्हणून "पसंती आली म्हणे" एवढ्यावर कुणालाही शुभेच्छा देऊ नका. मोडलं तर त्या शुभेच्छा परत घेता येत नाहीत आणि त्या घराला तुमचा फोनही आठवत राहतो.

दुसरं म्हणजे बातमी त्या घरातून आली आहे, की तिसऱ्याकडून? मामीनं आईला फोन करून सांगितलं असेल, तर तुम्ही लगेच फोन करायला मोकळे. पण कुणाच्या तरी स्टेटसवर हिरव्या साडीतला फोटो दिसला आणि घरातून कुणी काही बोललं नसेल, तर आधी आईला विचारा, "आपल्याला कळवलंय का?" कळवलं नसेल तर एक दिवस थांबा. त्या घरात तेव्हा फोनांची यादी चाललेली असते. आधी थोरले काका, मग भावकी, मग आत्या, मग मावशा. तुमचा नंबर यायच्या आत तुम्ही "आम्हाला कळलंच नाही की!" म्हणून फोन केलात, तर शुभेच्छा बाजूला राहतात आणि मामी माफी मागत बसते.

तो फोटो तुमच्याकडे आला असला तरी स्वतःच्या स्टेटसला ठेवू नका. मुलीनं स्वतः ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तुम्हीही ठेवा. भावकीतल्या एखाद्या काकांना लग्न ठरल्याचं पुतण्याच्या स्टेटसवरून कळलं म्हणून ते लग्नात जेवायला बसले नाहीत, असं आमच्याच घरात एकदा झालंय. तो पुतण्या मी नव्हते एवढंच.

पहिला फोन मोठ्यांना

मामेबहीण तुमच्या वयाची, तुम्ही रोज तिच्याशी चॅट करता, तरी साखरपुड्यानंतरचा पहिला फोन मामांना. चुलतबहीण असेल तर काकांना, आणि घर एकत्र असेल तर मुलगी धाकट्या काकांची असली तरी आधी थोरल्या काकांना. हा फोन तीन-चार मिनिटांचा असतो, पण घरात त्याची नोंद होते. "पोरीनं आठवणीनं फोन केला" हे वाक्य मामा संध्याकाळी चारचौघांत म्हणतात.

वेळ साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी अकरा ते बारा. साखरपुड्याच्या रात्री मंडप, भांडी, हिशेब आणि उरलेलं जेवण यात कुणाचाच जीव थाऱ्यावर नसतो. दुपारी दोन ते चार सोलापुरात कुणाला उठवायचं नसतं, उन्हाळ्यात तर नाहीच. दुसरा दिवस चुकला तर तिसरा चालतो. आठवडा गेला की मात्र "कामात होते" असं सांगावं लागतं आणि ते कुणाला पटत नाही.

आणि फोन स्पीकरवरच आहे, समोर पाव्हणे बसलेलेच आहेत, असं धरून बोला. मी शिकले ते हेच.

शब्द कुठले वापरायचे

"अभिनंदन" हा शब्द कार्डावर बरा दिसतो. धाकट्यानं मोठ्याला फोनवर "अभिनंदन मामा" म्हटलं, की मामा रिटायर झाल्यासारखं वाटतं. तसंच "हार्दिक शुभेच्छा" वयानं मोठ्या माणसाला धाकट्यानं द्यायच्या म्हणजे जरा उलटंच. घरात आपण वेगळं बोलतो. आनंद झाला हे सांगतो, नमस्कार करतो आणि काम सांगा म्हणतो. एवढ्या तीन गोष्टींत फोन पुरा होतो. माझा मामांना झालेला फोन असा होता:

"मामा, नमस्कार करते. काल सगळं छान पार पडलं म्हणे, आईनं सांगितलं. ऐकून लई बरं वाटलं."

"होय गं बाई. सिद्धेश्वराची कृपा. तू आली असतीस तर बरं झालं असतं."

"यायचं फार होतं मनात, सुट्टी मिळाली नाही. पण लग्नात आठ दिवस आधी येणार, कामाला लावा मला. मामीला आणि अक्कलकोटच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. दोन्ही घरांत असाच आनंद राहू दे."

"सांगतो, सांगतो. घे, मामीशी बोल."

बास. मामांनी सिद्धेश्वराचं नाव काढलं ते नुसती सवय म्हणून नाही. आमच्या गावात संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवताचंच लग्न लागतं. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते विरक्त, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. त्या विवाहाचा सोहळा दर वर्षी गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर होतो. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, येतात, संमती म्हणजे लग्नाची मंगलवचनं वाचली जातात आणि लाखो माणसं एकदम अक्षता टाकतात. तेव्हा सोलापूरच्या माणसाला "सिद्धेश्वर महाराजांच्या कृपेनं सगळं नीट पार पडू दे" असं म्हटलं की त्याला तो लग्नाचाच आशीर्वाद वाटतो. शब्द सुचत नसतील तर हे एक वाक्य पाठ करून ठेवा. वाक्य मोठ्यांनी म्हणायचं असतं असं काही नाही, धाकट्याच्या तोंडीही शोभतं.

आता काही वाक्यं अशी आहेत, जी प्रेमानं तोंडून निघतात आणि समोरच्याला टोचतात. "एकदाचं जमलं बाई!" यातल्या "एकदाचं"मध्ये आधीची सगळी नाकारलेली स्थळं येतात. "सुटलात मामा" किंवा "डोक्यावरचं ओझं उतरलं" म्हणजे पोरगी ओझं होती. "लेक उजवली" हे जुन्या बायका अजून सहज म्हणतात, त्यांना म्हणू द्या, आपण म्हणू नये. "नशीब काढलंस" हे सगळ्यांत फसवं. ऐकायला कौतुक, पण अर्थ असा, की तुझ्या लायकीपेक्षा बरं मिळालं. आणि हे वाक्य तिच्या सासरच्यांपर्यंत गेलं तर ते एक अर्थ लावतात, माहेरचे दुसरा. त्यापेक्षा "जोडा छान दिसतो" म्हणा. फोटो पाहिला असेल तरच म्हणा, नाहीतर मामी लगेच विचारते, "कुठं पाहिलास?"

दोन्ही घरांना शुभेच्छा, म्हणजे नेमकं काय

नवख्यांची इथं दोन प्रकारे चूक होते. एक, आपल्याच बाजूचं बोलत राहायचं. "आमची पोरगी लाखात एक, त्यांनी दिवा लावून शोधली असती तरी मिळाली नसती." स्पीकरवर हे व्याही ऐकत असतील, तर त्यांचा मुलगा कुठं गेला? दुसरी चूक उलट बाजूची. समोरच्या घराची इतकी स्तुती करायची, की मामाला वाटावं आपण लहान पडलो. "एवढं मोठं घर मिळालं" हे त्यातलंच.

मध्यम वाट अशी, की दोन्ही घरं एकाच वाक्यात घ्यायची आणि दोघांनाही एकच गोष्ट मागायची. "दोन्ही घरांत आनंद राहू दे", "दोन्हीकडच्या मोठ्यांचा आशीर्वाद पोरांना लाभू दे", "दोन घरांचं एक गणगोत झालं". तुलना करायला जागाच राहत नाही.

मुलाकडच्यांना नमस्कार सांगताना "त्यांच्या आई-वडिलांना नमस्कार सांगा" असं म्हणू नका. दोघं हयात आहेत की नाहीत, एकत्र राहतात की नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत नसतं. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत मुलाचे वडील नव्हते. साखरपुड्यात सगळं त्याच्या आईनं आणि थोरल्या भावानं केलं होतं. मी "अक्कलकोटच्या सगळ्यांना" म्हणाले ते योगायोगानं बरं झालं. गावाचं नाव घ्यायचं, पुढं "सगळ्यांना" किंवा "घरच्या मोठ्यांना" जोडायचं. कुणी सुटत नाही आणि नसलेल्याचं नाव निघत नाही.

सोलापुरात आणखी एक सोय आहे. इथं मराठीच्या बरोबरीनं कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. त्यामुळं सोयरिकीत भाषा बदलणं नवं नाही. होणारे पाव्हणे कन्नड असतील आणि त्यांच्याशी बोलायची वेळ आली, तर "नमस्कार री" म्हणून सुरुवात करायची आणि "एरडू मनेयवरिगू शुभाशयगळु", म्हणजे दोन्ही घरच्यांना शुभेच्छा, एवढं म्हणायचं. तेलुगू घर असेल तर "रेंडु कुटुंबालकू शुभाकांक्षलु". एवढं एक वाक्य पुरे. पुढं मराठीत बोला, त्यांना आपल्याइतकीच मराठी येते. मी मात्र हौसेनं पुढं कन्नड रेटायला गेले आणि मुलाची आई इतक्या भराभर बोलायला लागली, की मला फक्त "हां री, हां री" करत बसावं लागलं. तिनं काय विचारलं ते मला आजही कळलेलं नाही.

होणाऱ्या जावयाला हाक कशी मारायची? बहीण तुमच्याहून मोठी असेल तर तो "दाजी". धाकटी असेल तर नावानं, पण "अहो-जाहो"च. तो वयानं तुमच्याहून लहान असला तरी "अरे-तुरे" नको, निदान लग्न होईपर्यंत. "जावईबापू" हे मोठ्यांच्या तोंडी शोभतं.

काय विचारायचं नाही

यादी करायला गेलं तर संपणार नाही. पगार किती, शेत किती एकर, घर स्वतःचं की भाड्याचं, किती तोळे घालणार, देणंघेणं काय ठरलं, पत्रिकेत 36 पैकी किती गुण जुळले, लव्ह का अरेंज, एवढी घाई का केली, एवढा उशीर का झाला, नोकरी सोडणार का. देण्याघेण्याचं तर विचारूच नका. हुंडा देणं-घेणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या प्रश्नावर त्या घराला एक तर खोटं बोलावं लागतं, नाहीतर गुन्हा कबूल करावा लागतो. दिलं-घेतलं नसेल तरी "आम्ही काही दिलं नाही" हे सांगताना मामाचा आवाज खाली जातो, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास असतो.

यादी पाठ करण्यापेक्षा मी एक खूण लक्षात ठेवते. प्रश्नाचं उत्तर आकड्यात येणार असेल, किंवा उत्तर देताना समोरच्याला कारण द्यावं लागणार असेल, तर तो प्रश्न गिळायचा. किती, का, कसं, आधी कुणी, मग काय, हे सगळे शब्द त्यात अडकतात. "दमलीस का गं?" यात आकडा नाही आणि कारणही नाही. हा चालतो. "जेवलात का सगळे?" हाही चालतो.

"लग्न कधी?" हा प्रश्न मात्र सगळ्यांनाच साधा वाटतो. तो साधा नाही. तारीख ठरायला मुहूर्त लागतो, मंगल कार्यालय मिळावं लागतं, पैशाची जुळणी व्हावी लागते आणि दोन्ही घरांचं एकमत लागतं. यातलं एखादं अडलेलं असतं. मामी "बघू, उन्हाळ्यात" म्हणते तेव्हा त्या "बघू"मध्ये बरंच काही असतं. त्याऐवजी म्हणायचं, "तारीख ठरली की तेवढं कळवा, मी रजा टाकून ठेवते." यात विचारणं नाही, पण तुम्हाला यायचं आहे हे त्यांना कळतं. ठरली असेल तर लगेच सांगतात, नसेल तर "हो, कळवतो" म्हणून मोकळे होतात.

"पाव्हणे कुठले?" याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे नुसती ओळख. गाव कळलं की बोलायला धागा मिळतो. पण गाव कळल्यावर जो दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे त्यातले कोण?", तो पोटजात काढायचा असतो आणि सगळ्यांना ते कळतं. तेव्हा गावापाशी थांबायचं. अक्कलकोट म्हटल्यावर मी "मग काय, 40 किलोमीटर, माहेर-सासर शेजारीच की" म्हणाले आणि विषय तिथंच हसण्यात संपला.

मामेबहिणीच्या बाबतीत एक खास खोड असते. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा असं लग्न आपल्या भागातल्या बऱ्याच समाजांत चालतं. त्यामुळं मामाची मुलगी बाहेर दिली, की कुणीतरी हसत हसत म्हणतंच, "घरातच नवरा होता की, बाहेर कशाला शोधलात?" माझा धाकटा भाऊ अजून बिनलग्नाचा आहे, म्हणून आम्हाला हे दहा ठिकाणी ऐकावं लागलं. यात एका वाक्यात तिघं सापडतात: मुलगी, तिचा होणारा नवरा आणि बिचारा आतेभाऊ. आमच्या आईनं त्यावर एक उत्तर काढलं होतं, "आमच्या पोराला ती राखी बांधती." सगळे गप्प बसायचे. घरातली एखादी सोयरीक घरातच झाली, म्हणजे आतेभावाचं मामेबहिणीशीच ठरलं, तर मात्र दोन्ही घरं तुमचीच. तेव्हा फोन दोन करायचे आणि दोन्हीकडं सारखंच बोलायचं. एकीकडं बोललेलं दुसरीकडं अर्ध्या तासात पोचतं.

घरात तिची मोठी बहीण अविवाहित असेल, किंवा भावाचं लग्न मोडलेलं असेल, तर त्या माणसाला त्याच फोनवर "आता तुझा नंबर" म्हणू नका. त्याला फोन लावायचा असेल तर आठवड्यानं, दुसऱ्याच कामासाठी लावा.

बहिणीशी बोलताना

मोठ्यांचं झालं, की मग तिला. हा फोन मी संध्याकाळी केला, ती एकटी असेल तेव्हा. इथं भाषा आपली नेहमीची, सोलापुरी.

"काय करलालीस?"

"काही नाही गं ताई, मेंदी धुवत बसलेय कालची."

"फोटो पाहिले. ती हिरवी साडी तुला लई शोभली. मला लई आनंद झाला बघ."

ती थोडं थांबली. मी पण थांबले. इथं नवख्यांना शांतता सहन होत नाही आणि ती भरायला ते "मग, कसे आहेत ते? बोललात का तुम्ही?" असं काहीतरी विचारून बसतात. थांबायचं. दोन-तीन सेकंदांत ती स्वतःच बोलायला लागली, आधी चहात साखर जास्त झाली ते, मग अंगठी सैल निघाली आणि दोरा गुंडाळून घातली ते. जे तिला सांगायचं होतं ते तिनं सांगितलं. तिनं अंगठीचं काढलं म्हणून "किती ग्रॅमची?" असं मी विचारलं नाही. "दोरा दिसत नव्हता फोटोत" एवढंच म्हणाले.

ती आनंदात नाही असं आवाजावरून वाटलं तर? तेव्हाही "काय झालं? तुझ्या मनाविरुद्ध तर नाही ना?" असं त्या पहिल्या फोनवर विचारू नका. शेजारी कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही. "मी आहे, कधीही फोन कर, रात्री केलास तरी चालेल" म्हणा आणि दोन दिवसांनी दुसऱ्या निमित्तानं परत लावा. तिला सांगायचं असेल तर ती तेव्हा एकटी असेल.

फोन ठेवल्यावर तुम्हाला उलटे फोन येतात, हे कुणी सांगत नाही. मावशी, वहिनी, शेजारच्या काकू. "तू बोललीस म्हणे, मुलगा काय करतो? काय काय ठरलं?" तुम्ही नाही विचारलं, पण तुमच्याकडून काढून घ्यायला सगळे तयार. माझं उत्तर ठरलेलं आहे: "मी विचारलं नाही गं, तूच मामीला फोन कर, तिला बरं वाटेल." नव्वद टक्के बायका फोन करत नाहीत.

मेसेज

फोन झाल्यावर मेसेज, आधी नाही. आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर मोजून चार-पाच ओळी. माझा असा होता:

> काल आपल्या घरात आनंदाचा दिवस होता. मामा-मामींना आणि अक्कलकोटच्या सगळ्या मोठ्यांना नमस्कार. दोघांचा संसार सुखाचा होवो आणि दोन्ही घरांत असाच आनंद राहो. सिद्धेश्वर महाराज आणि स्वामी समर्थांची कृपा राहो. तारीख कळली की आम्ही बॅगा भरतो.

सोलापूरचे सिद्धेश्वर आणि अक्कलकोटचे स्वामी, दोन्ही गावांची दैवतं एका ओळीत आणली. मामीनं हा मेसेज तसाच व्याह्यांकडं पाठवला, हे नंतर कळलं. म्हणून ग्रुपवर जे लिहाल ते समोरच्या घरी वाचलं जाणार असं धरूनच लिहा. थट्टा, जुनी टोपणनावं, "आता हिला स्वयंपाक शिकवा" असले विनोद, हे सगळं तिला वेगळ्या मेसेजवर. गुलाबाचं फिरतं चित्र पाठवलं तरी चालतं, पण ते एकटं पाठवलं तर मामीला कळतं, की तुम्ही दोन ओळी लिहायचा कंटाळा केला.

भेटायला जाल तेव्हा

महिन्याभरात एकदा जाऊन यायचं. अर्धा किलो पेढे, नारळ, तिला खण आणि ओटीचं सामान. सोलापूरच्या बाजारात मधल्या मारुतीपाशी सगळं एका फेरीत मिळतं. पाकिटात ठेवाल ती रक्कम 101, 501 अशी, शेवटी एक हवाच. भरजरी साडी पहिल्या भेटीत नेऊ नका. ती लग्नातल्या आहेराला ठेवा, नाहीतर मामीला तेवढ्याचीच परतफेड करायची चिंता लागते. घरात साखरपुड्याची ताटं, साड्या मांडून दाखवल्या तर "छान आहेत" म्हणायचं. हात लावून किंमत अजमावायची नाही, आणि "हे त्यांनी दिलं का?" हेही नाही.

निघताना केळवणाचं आमंत्रण द्यायचं. आणि इथं मात्र प्रश्न विचारायचाच असतो, कारण स्वयंपाक तुम्हाला करायचा आहे. मी मामीला म्हटलं, "दोघांना आणि त्यांच्या आईंना जेवायला बोलवायचं मनात आहे. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगापोळी करते. त्यांच्याकडं काही चालत नसेल, उपवासाचा वार असेल तर सांगून ठेव." मामीनं तिथूनच अक्कलकोटला फोन लावला, अर्थात स्पीकरवर. पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, कांदा-लसूण चालतं, फक्त सोमवार सोडून बोलवा. आम्ही गुरुवार ठरवला.